प्रोपोफॉल आणि डॉक्सोरुबिसिन: मात्रा एकूण वजनावर की चरबीविरहित वजनावर?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर केमोथेरपी घ्यायची असलेली एक रुग्ण उदाहरणादाखल घेऊ. तिची उंची १५५ सेंमी, वजन ११० किलो आणि बीएमआय सुमारे ४६ आहे. तिच्या बाबतीत औषधाची मात्रा कोणत्या वजनावर काढायची हा प्रश्न दोनदा उभा राहतो, आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर एकच नसते.

त्याआधीचा प्रश्न चरबीविरहित वजन काढण्याच्या सूत्राच्या निवडीचा. १९७६ पासून प्रचलित असलेले जेम्स यांचे सूत्र आणि २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील जनमहासत्यन व सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र, यांची स्त्रियांसाठीची रूपे अशी आहेत (W किलोत, H सेंमीत):

```
James: 1.07*W - 148*(W/H)^2
Janmahasatian: 9270*W / (8780 + 244*BMI)
```

जेम्स सूत्रातील वजाबाकीचे पद वजनाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे बीएमआय ३६ च्या पुढे गेला की उत्तर घटू लागते. १५५ सेंमी उंचीला ८० किलोवर ते ४६ किलो, ११० किलोवर ४३ किलो, तर १४० किलोवर केवळ २९ किलो चरबीविरहित वजन दाखवते. वजन वाढल्यावर स्नायू आणि अवयव असे विरघळत नाहीत. दुसरे सूत्र त्याच तीन वजनांना अनुक्रमे ४४, ५१ आणि ५६ किलो देते. म्हणून अतिस्थूल रुग्णासाठी जेम्स सूत्र वापरूच नये, आणि औषध देणाऱ्या एखाद्या पंपात किंवा अ‍ॅपमध्ये कोणते सूत्र दडले आहे हे आधी पाहून घ्यावे.

आता भूल. प्रोपोफॉलचा पहिला डोस मेंदू, हृदय, यकृत अशा भरपूर रक्तपुरवठ्याच्या अवयवांत जातो. चरबीला त्या एक-दोन मिनिटांत फारसे काही मिळत नाही. त्यामुळे किलोमागे २ मिग्रॅ या हिशेबाने एकूण वजनावर २२० मिग्रॅ दिल्यास रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. चरबीविरहित वजन येथे निःसंशय उजवे आहे. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेची २०१५ ची मार्गदर्शिकाही तेच सुचवते.

मात्र येथे एक सापळा आहे, आणि तो मला जेम्स सूत्राच्या दोषापेक्षा मोठा वाटतो. किलोमागे २ मिग्रॅ हा आकडा सडपातळ रुग्णांच्या एकूण वजनावर बेतलेला आहे. याच उंचीच्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला त्याने ११० मिग्रॅ मिळतात. तिचे चरबीविरहित वजन साडेपस्तीस किलो भरते, म्हणजे त्या वजनाच्या किलोमागे तिला सुमारे ३.१ मिग्रॅ पोचलेले असतात. आपल्या रुग्णासाठी ५१ ला २ ने गुणले तर १०२ मिग्रॅ येतात, जे अर्ध्या वजनाच्या स्त्रीपेक्षाही कमी आहेत; ३.१ ने गुणले तर सुमारे १५८ मिग्रॅ येतात. वजनाचा आधार बदलला की किलोमागचा आकडाही बदलावा लागतो. तो न बदलल्यास, आणि त्यातच श्वासनलिकेत नळी घालायला वेळ लागल्यास, रुग्ण आतून जागी राहू शकते. ब्रिटन व आयर्लंडमधील भुलेदरम्यानच्या जागृतीच्या २०१४ च्या पाहणीत स्थूल रुग्णांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले होते. प्रत्यक्षात काढलेला आकडा ही सुरुवात समजून, प्रतिसाद थांबेपर्यंत औषध पाहत-पाहत द्यावे.

स्नायू शिथिल करणारे सक्सामेथोनियम मात्र एकूण वजनावरच द्यावे, कारण स्थूलपणात पेशीबाह्य द्रव आणि ते औषध मोडणारे विकर, दोन्ही वाढलेले असतात.

केमोथेरपीत पारडे उलट झुकते. मोस्टेलर सूत्राने ११० किलोवर शरीराचे क्षेत्रफळ २.१८ चौ.मी. येते आणि चौरस मीटरला ६० मिग्रॅ या दराने डॉक्सोरुबिसिनचे १३१ मिग्रॅ होतात. त्याच सूत्रात ५१ किलो घातले तर १.४८ चौ.मी. आणि ८९ मिग्रॅ, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश घट. भुलेत कमी पडलेली मात्रा लगेच दिसते व वाढवता येते. येथे ती कळेपर्यंत बरे होण्याची संधी निघून गेलेली असू शकते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये स्थूल प्रौढांना प्रत्यक्ष वजनावर आधारित पूर्ण मात्रा द्यावी असेच सांगितले, कारण अशा रुग्णांत विषबाधा वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. व्हिन्क्रिस्टिनला सहसा २ मिग्रॅची मर्यादा असते, आणि कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेवर ठरते. ते अपवाद वेगळे.

तरीही चरबीविरहित वजनाचा मुद्दा केमोथेरपीत निरर्थक नाही. फ्लुओरोयुरासिलच्या बाबतीत स्नायू कमी असलेल्या रुग्णांना त्रास अधिक झाल्याचे निरीक्षण आहे. पण तेथे चरबीविरहित वजन सीटी स्कॅनमधून काढलेले होते, सूत्रातून नव्हे. लिंग, उंची आणि वजन सारखे असलेल्या दोघींना सूत्र एकच उत्तर देते, मग एकीचे स्नायू आजाराने झिजलेले का असेनात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे सारख्याच बीएमआयला भारतीयांच्या शरीरात चरबी युरोपीयांपेक्षा बरीच जास्त असू शकते, त्यामुळे ऑस्ट्रेलियातील सूत्र आपल्याकडे चरबीविरहित वजन थोडे फुगवून दाखवण्याचीच शक्यता अधिक.