प्रायव्हेट लिमिटेडला उधारीवर माल देताय? आमची डिक्री कागदावरच राहिलीये

भोसरीत आमचं कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे. मसाले पॅक करणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला आम्ही माल द्यायचो, सुरुवातीला पेमेंट एकदम टायमावर आणि मग "पुढच्या आठवड्यात करतो साहेब" करत करत साडेअकरा लाख थकवले. दावा लावला, डिक्री म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम मिळाला, कोर्टाचा बेलिफ जप्तीला गाळ्यावर गेला तर आत दोन टेबलं आणि एक बंद पडलेला कूलर.

डायरेक्टरचा बंगला आहे, गाड्या आहेत, पण डिक्री कंपनीवर आहे, त्याच्यावर नाही. वकीलसाहेबांनी सांगितलं की हे १८९७ पासून असंच चाललंय, लंडनच्या सालोमन नावाच्या बूटवाल्याच्या कंपनीत २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्याचेच होते, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी वेगळी आणि माणूस वेगळा असंच धरलं. आपल्याकडेही कायदा हाच. त्यामुळे कंपनी बुडाली एवढ्यावर कोर्ट मालकाच्या खिशात हात घालत नाही, आणि सगळे शेअर एकाच घरात आहेत म्हणूनही नाही. कंपनी आणि मालक यांच्यामधला हा पडदा बाजूला होतो तो कंपनीचा वापर देणं चुकवायला केलाय हे दाखवता आलं तरच. दिल्लीच्या स्किपर कन्स्ट्रक्शनच्या केसमध्ये लोकांकडून बुकिंगचे पैसे घेऊन, तीच जागा अनेकांना विकून फसवलं होतं, तिथे १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मालक, बायको, मुलं आणि त्यांच्या कंपन्या हे सगळं एकच धरून प्रॉपर्टी जप्त केल्या.

आमच्या केसमध्ये काय झालं बघा. आमची नोटीस गेल्यावर महिन्याभरातच पॅकिंगची मशिनं भंगाराच्या भावात एका नव्या कंपनीला विकली, तिच्यात डायरेक्टर बायको आणि मेव्हणा, आणि आता त्याच मशिनवर, त्याच कामगारांकडून, त्याच गिऱ्हाइकांचा माल पॅक होतोय. मशिनच्या प्लेटवरचे नंबर आमच्या माणसाने डिलिव्हरीला गेला तेव्हा फोटोत घेतले होते, आज तेच सगळ्यात कामाला येतायत, कारण नुसतं "डायरेक्टर नातेवाईक आहेत" म्हणून भागत नाही, माल आणि पैसा कुठून कुठे गेला ते दाखवावं लागतं.

म्हणून उधारी द्यायच्या आधी mca.gov.in वर कंपनीचं नाव टाकून पेड-अप कॅपिटल, म्हणजे शेअरहोल्डरांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल बघा, आणि चार्जेस बघा म्हणजे काय काय बँकेकडे तारण आहे ते कळतं. लाखभर कॅपिटलवाला दहा लाखांची उधारी मागत असेल तर डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी लेखी घ्या, त्याच्या स्वतःच्या नावाने सही, कंपनीचा शिक्का मारून नाही. ती असली की पडदा उचला म्हणून कोर्टात भांडायची वेळच येत नाही, सरळ त्याच्यावर दावा लावता येतो. चेक बाउन्स झाला तर बँकेचा रिटर्न मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, तिथे सही करणारा डायरेक्टरही आरोपी होतो.

डायरेक्टरने कंपनीच्या मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं म्हणून आम्ही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ रूल ४१ खाली अर्ज टाकलाय, त्यात मशिनच्या विक्रीचं बिल मागितलंय.