रात्रीच्या फोटोंसाठी: फोनचा प्रो मोड की ओपन कॅमेरा?

फोनच्या मुख्य लेन्सचं अपर्चर बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. त्यामुळे कुठल्याही मॅन्युअल अ‍ॅपमध्ये हातात शटर आणि आयएसओ एवढंच उरतं, शिवाय फोकस. म्हणून अ‍ॅप निवडताना पहिला प्रश्न एकच: शटर किती वेळ उघडं ठेवता येतं?

समजा, गल्लीतल्या फोटोला ऑटोने १/१५ सेकंद आणि आयएसओ १६०० घेतलं. फोन ट्रायपॉडवर लावून २ सेकंदांचा टायमर लावा, शटर १/२ आणि आयएसओ २०० करा. फोटो तेवढाच उजळ येतो, पण सेन्सरला सुमारे आठपट प्रकाश मिळालेला असतो, त्यामुळे दाणे कमी आणि भिंतीवरचा पोत स्पष्ट.

इथे फोनचा स्वतःचा प्रो मोड सहसा वरचढ ठरतो. सॅमसंगच्या महागड्या फोनांच्या प्रो मोडमध्ये शटर ३० सेकंदांपर्यंत जातं. बाहेरच्या अ‍ॅपला कंपनी जेवढी सूट देते तेवढीच मिळते, आणि काही फोनांवर ती फारच तुटपुंजी असते. ओपन कॅमेरा हे अँड्रॉइड अ‍ॅप मोफत आणि ओपन सोर्स आहे, तेव्हा तपासून बघायला खर्च नाही. सेटिंग्जमध्ये Camera API शोधून Camera2 API निवडा, मग आयएसओ ऑटोवरून काढून मॅन्युअल करा आणि शटरचा स्लायडर शेवटपर्यंत ओढा. तिथे दिसतो तो तुमच्या फोनवरचा खरा आकडा. स्लायडरच दिसला नाही, तर निर्णय झालाच.

मग ओपन कॅमेरा घ्यायचा कशाला? रात्रीच्या फोटोत पानं, विटा, केस जलरंगात रंगवल्यासारखे सपाट दिसत असतील, तर तो दोष हात हलण्याचा नाही. दाणे घालवताना फोनचं सॉफ्टवेअर तपशीलही पुसतं. ओपन कॅमेऱ्यात Noise reduction algorithm आणि Edge mode algorithm हे पर्याय आहेत, आणि फोनने साथ दिली तर ते बंद करता येतात. दाणे राहतात, पण तपशीलही राहतो. मला तो सौदा पटतो. फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ, म्हणजे सॉफ्टवेअरने न पुसलेली फाइल, मिळत असेल, तर मात्र हे कारण बरंच लंगडं पडतं.

आयफोनवर गणित वेगळं. हॅलाइडसारख्या अ‍ॅपमध्ये शटर हातात येतं, पण अ‍ॅपलचा नाइट मोड बाहेरच्या अ‍ॅपला मिळत नाही. अनेक फ्रेम जुळवून हातातच धरून काढायचा फोटो हवा असेल, तर अ‍ॅपलचाच कॅमेरा उघडा.

फोटो मोठा करून बघितला की रोग कळतो. सगळे दिवे एकाच दिशेने ओढले गेले, तर फोन हलला. दिवे गोल फुगले, तर फोकस चुकला. फक्त माणसं पुसट असतील, तर ट्रायपॉड किंवा दुसरं अ‍ॅप काही करू शकत नाही. शटर १/६० च्या आसपास आणून आयएसओ वाढवावंच लागतं.