साखळी सामन्यांचे तारीखवार वेळापत्रक: ओळीत एक सामना की मैदानांचा चौकोनी तक्ता?

साखळी स्पर्धेची यादी बहुतेक वेळा फेरीनुसार हातात येते: फेरी १ मध्ये अ वि. फ, ब वि. इ, क वि. ड. संघांना मात्र वेगळीच गोष्ट हवी असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मैदानावर, कोणाशी? ही यादी तारखेनुसार मांडायच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली लांब यादी, म्हणजे एका ओळीत एकच सामना आणि फेरी, तारीख, वेळ, मैदान, संघ १, संघ २ असे सहा स्तंभ. दुसरा चौकोनी तक्ता, म्हणजे तारखा उभ्या, मैदाने आडवी आणि प्रत्येक चौकटीत संघांची जोडी. भिंतीवर लावायला तक्ताच छान दिसतो, म्हणून बरेच आयोजक थेट तोच भरायला घेतात. माझं मत त्याच्या उलट आहे आणि त्याचं कारण एका उदाहरणातून नीट कळतं.

सहा संघ घेऊ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर १५ सामने होतात, पाच फेऱ्या, दर फेरीत तीन. सामने रविवारी: २०२६ मधले ५, १२, १९, २६ एप्रिल आणि ३ मे. मैदाने दोन, वेळा सकाळी ८ आणि ११. म्हणजे दर रविवारी चार जागा आणि तीन सामने, एक जागा मोकळी. चौथ्या फेरीचा दिवस लांब यादीत असा दिसतो:

| फेरी | तारीख | वेळ | मैदान | संघ १ | संघ २ |
|---|---|---|---|---|---|
| ४ | २६ एप्रिल | ८:०० | मैदान १ | अ | क |
| ४ | २६ एप्रिल | ८:०० | मैदान २ | ड | ब |
| ४ | २६ एप्रिल | ११:०० | मैदान १ | इ | फ |

आणि तोच दिवस चौकोनी तक्त्यात:

| तारीख | मैदान १ | मैदान २ |
|---|---|---|
| २६ एप्रिल | ८:०० अ – क, ११:०० इ – फ | ८:०० ड – ब |

आता समजा १९ एप्रिलला पावसामुळे तिसऱ्या फेरीतला इ – क सामना झाला नाही आणि तो पुढच्या रविवारी बसवायचा आहे. तक्त्यात मैदान २ वर ११ ची जागा स्पष्ट मोकळी दिसते. कोणीही तिथेच सामना लिहील, आणि तक्ता बघताना काही खटकणारही नाही. प्रत्यक्षात इ संघ त्याच वेळी मैदान १ वर फ शी खेळत असेल. क संघाला आठचा सामना संपवून लगेच अकराला उतरावं लागेल. मैदान रिकामं आहे का, हे तक्ता एका नजरेत सांगतो. संघ रिकामा आहे का, हे तो सांगत नाही, कारण संघाचं नाव कुठल्याही चौकटीत, दुसऱ्या नावासोबत आणि वेळेसोबत गुंफलेलं असतं.

लांब यादीत हीच तपासणी एका सूत्रात होते. तारीख B मध्ये, संघ E आणि F मध्ये आणि १५ ओळी २ ते १६ मध्ये असतील, तर संघ १ साठी एखाद्या मोकळ्या स्तंभात दुसऱ्या ओळीत हे लिहा आणि खाली ओढा:

```
=COUNTIFS($B$2:$B$16,B2,$E$2:$E$16,E2)+COUNTIFS($B$2:$B$16,B2,$F$2:$F$16,E2)
```

उत्तर प्रत्येक ओळीत १ यायला हवं. इ – क ची तारीख २६ एप्रिल केली की त्या ओळीत लगेच २ दिसेल. संघ २ साठी शेवटच्या दोन्ही `E2` च्या जागी `F2` लिहून तेच सूत्र वापरा. आणखी एक तपासणी: `=COUNTIF($E$2:$F$16,"अ")` चं उत्तर ५ आलं पाहिजे. ४ आलं तर एखादा सामना सुटलाय किंवा नावामागे एक जास्तीची मोकळी जागा राहिली आहे. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. `TRIM` ने काढावी लागते.

बदलाच्या बाबतीतही यादीच सोयीची. सामना पुढे ढकलला तर तारखेचा एक सेल बदलायचा आणि पुन्हा तारीख, वेळ, मैदान या क्रमाने लावायचं. फेरीचा आकडा मात्र तसाच ठेवा. तिसऱ्या फेरीचा सामना चौथ्या फेरीच्या दिवशी झाला तरी तो तिसऱ्या फेरीचाच असतो, नाहीतर कोणाची फेरी पुरी झाली हे नंतर सांगता येत नाही.

मूळ यादीतून ही ओळवार मांडणी करताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली जोडी तोडताना. गूगल शीट्समध्ये `SPLIT` मूळ सवयीनुसार दिलेल्या खुणेतलं प्रत्येक अक्षर वेगळं धरून तोडतं. म्हणजे ‘वि.’ वर तोडायला सांगितलं तर ज्या संघाच्या नावातच ‘व’ आहे, त्याचेही तुकडे होतात. म्हणून मूळ जोडी G मध्ये असेल तर सूत्रात तिसरी किंमत `FALSE` द्यायची:

```
=SPLIT(G2," वि. ",FALSE)
```

एक्सेलच्या नव्या आवृत्तीतलं `TEXTSPLIT` पूर्ण खूण एकत्रच धरतं, तिथे ही अडचण येत नाही.

दुसरी फसगत तारखांची, आणि ती जास्त त्रासदायक. संगणकाची मांडणी महिना-आधी अशी असेल आणि आपण 05/04/2026 लिहिलं, तर ते ४ मे समजलं जातं. 12/04 ची ४ डिसेंबर होते आणि 03/05 ची ५ मार्च. 19/04 आणि 26/04 मध्ये मात्र १९ आणि २६ असे महिनेच नसल्यामुळे ते साधा मजकूर म्हणून पडून राहतात. अशा यादीला एक्सेलमध्ये तारखेने लावलं की शेवटची, ३ मेची फेरी सगळ्यात वर जाते आणि १९ व २६ एप्रिल तळाला. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या तारखा सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. स्तंभात दोन्ही दिसलं की थांबा. तारखा टंकण्याआधी शीटची भाषा-प्रदेश मांडणी बदला, किंवा 2026-04-26 असं वर्ष आधी ठेवून लिहा.

मग चौकोनी तक्ता करूच नये का? करावा, पण यादीतून आपोआप येईल असा. साधा पिव्हट इथे कामाचा नाही, तो नावांच्या जागी सामन्यांची संख्या दाखवतो. तारखा J मध्ये खाली आणि मैदाने पहिल्या ओळीत K पासून आडवी लिहा आणि K2 मध्ये:

```
=IFERROR(TEXTJOIN(CHAR(10),TRUE,FILTER(TEXT($C$2:$C$16,"h:mm")&" "&$E$2:$E$16&" – "&$F$2:$F$16,($B$2:$B$16=$J2)*($D$2:$D$16=K$1))),"")
```

हे उजवीकडे आणि खाली ओढलं की तक्ता तयार, आणि यादीतला बदल त्यात लगेच उतरतो. यासाठी गूगल शीट्स किंवा नवं एक्सेल लागतं. जुन्या एक्सेलमध्ये `FILTER` नाही. तिथे यादीच छापा. फक्त तीच तारीख पुन्हापुन्हा दिसू नये म्हणून सेल जोडण्याचा मोह टाळा, कारण जोडलेल्या सेलमध्ये तारीख पहिल्याच ओळीकडे राहते आणि नंतर यादी क्रमाने लावता येत नाही. छपाईच्या प्रतीत वेगळ्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून `=IF(B2=B1,"",B2)` लिहून तोच परिणाम साधता येतो.

थेट हाताने तक्ता भरणं मला एकाच परिस्थितीत पटतं: चार संघ, सहा सामने, एकच मैदान, सगळं एका दिवसात. तिथे मैदान एकच असल्यामुळे एका वेळी दोन ठिकाणी कोणी असूच शकत नाही, आणि तासाभराचा उशीर झाला तर सगळेच सामने सारख्या अंतराने पुढे सरकतात. दुसरं मैदान किंवा दुसरा दिवस आला की आधी यादी करा.