नुसता तिकिटाचा फोटो टाकला आणि ७३,४९९ रुपये गेले

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. घरच्यांचं हसून झालंय.

पुणे–नागपूर, थर्ड एसी, मी आणि बायको. चार्ट लागला तरी वेटिंगच. असं ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात, हे मला माहीत होतं. चार दिवस झाले तरी काही दिसेना. वैतागून रेल्वेच्या एका पोस्टखाली तिकिटाचा फोटो टाकला. सोबत एक शब्द लिहिला नाही. म्हटलं, तिकिटावर सगळं आहेच की.

होतंच सगळं. पीएनआर, आमची नावं, वयं, ट्रान्झॅक्शन आयडी, भाडं, क्यूआर कोड. आणि वरच्या कोपऱ्यात, प्रिंट कुणाची ते कळावं म्हणून झेरॉक्सवाल्याने निळ्या पेनाने लिहिलेला माझा मोबाईल नंबर. नव्हतं ते एवढंच, की माझी तक्रार काय आहे! ती एका ओळीत झाली असती: अमुक तारखेची, अमुक नंबरची गाडी, वेटिंग तिकीट रद्द, रिफंड नाही, पीएनआर कुठे पाठवू? बस्स. यातल्या कशानेही माझ्यापर्यंत कुणी पोचलं नसतं.

पाऊण तासात फोन. "नमस्कार काका, रिफंड विभागातून बोलतोय." स्वच्छ मराठी. माझं नाव, बायकोचं नाव, तिचं वय, शेवटी वेटिंग कितीवर अडकलं ते, भाडं अगदी रुपयापर्यंत. एवढं सांगणाऱ्यावर तुम्ही तरी संशय घेतला असता का? पीएनआर टाकला की तिकिटाची स्थिती कुणालाही दिसते, लॉगिनसुद्धा लागत नाही, हे मला नंतर भाच्याने दाखवलं. आणि नाव खोडून क्यूआर तसाच ठेवलात तर खोडण्याचा उपयोग शून्य. तो स्कॅन केला की नाव-वय परत समोर.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'रिफंड फॉर्म' पाठवला. शेवटी .apk होतं, म्हणजे फॉर्म नव्हे, अ‍ॅप. फोनने इशारा दिला, मी तो बाजूला सारला. एसएमएसची परवानगी मागितली, तीही दिली. मग फॉर्ममध्ये कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे.

इथे थांबायला हवं होतं. तिकीट मुलाच्या यूपीआयवरून काढलेलं. रिफंड जिथून पैसे गेले तिथेच येतो, मग माझं कार्ड कशाला? हे माझ्या डोक्यात आलंही. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "काका, ज्येष्ठ नागरिकांचं वेगळं असतं." रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद केली म्हणून प्रत्येक प्रवासात कुरकुरणारा मी, आणि हे वाक्य गिळलं.

११:५२ ला ४८,९९९. ११:५४ ला २४,५००. ओटीपी मी कुणाला सांगितला नाही, शपथेवर सांगतो. त्या अ‍ॅपने मेसेज वाचून परस्पर पाठवला.

आता यंत्रणेचं ऐका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावला, पंचवीस मिनिटं बिझी. (तुम्ही मात्र लावतच राहा, cybercrime.gov.in वरही टाका, आणि आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा. मी हे शेवटी केलं.) पोलीस चौकीत म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँकेत साहेब जेवायला गेलेले. आल्यावर म्हणाले, "ओटीपी तुमच्याच फोनवरून गेलाय, निष्काळजीपणा तुमचा." शिक्का मिळायला दोन दिवस. तेवढ्यात पैसे आणखी दोन खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले. त्यावर एक हवालदार मला विचारतो, "शिकलेले दिसता, मग असं कसं केलंत?" चोराला शोधायचं सोडून माझी परीक्षा!

विमानवाल्यांनी खूश होऊ नये. तिथे सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कंपनीच्या साइटवर बुकिंग उघडतं. भाच्याने स्वतःचंच उघडून दाखवलं: जेवण, सीट, ईमेल, आणि खाली रद्द करण्याचं बटण. बोर्डिंग पासवरच्या बारकोडमध्येही नाव आणि पीएनआर असतात. विमानतळावरून खिडकीशी पास धरून फोटो टाकायची हौस असणाऱ्यांनी तो पालथा धरावा.

रेल्वेची तक्रार १३९ वर किंवा रेलमदतवर करा. पीएनआर तिथेच द्या, चारचौघांत नाही.

संध्याकाळी मुलगा घरी आला आणि त्याने खातं उघडलं. २,७४४ रुपये दोन दिवसांपूर्वीच जमा झालेले. त्याने पाहिलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

फोटो त्याच रात्री काढून टाकला. आठव्या दिवशी वेगळ्या नंबरवरून फोन: "काका, गेलेले पैसे परत मिळवून देतो, फाइल फी फक्त १,९९९." आणि त्याने माझा पीएनआर दहाच्या दहा आकडे वाचून दाखवला.