सिंहगडावरून तोरणा: पितळी प्रिझमॅटिक कंपासचा आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकात मिळतो तसा, अर्ध्या अंशाच्या खुणा असलेला पितळी प्रिझमॅटिक कंपास पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेपासून उन्हाळ्यापर्यंत सह्याद्रीत वापरून हे लिहिलं आहे. समोर दिसणारा दूरचा डोंगर नेमका कोणता आणि किती लांब, हे ठरवायला तो कितपत उपयोगी पडतो, एवढंच इथे पाहू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन, आणि एका बेअरिंगमधून फक्त दिशा मिळते. अंतर काढायचं तर त्या डोंगराचे अक्षांश-रेखांश माहीत हवेत, नाहीतर दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेलं बेअरिंग हवं.

पहिला मार्ग सोपा आहे. सिंहगड साधारण १८.३६६ उत्तर, ७३.७५६ पूर्व, तोरणा १८.२७६, ७३.६२३. अक्षांशाचा फरक ०.०९० अंश. एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, म्हणून तोरणा जवळजवळ १० किलोमीटर दक्षिणेला. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे जावं तसा आखडत जातो. या पट्ट्यात तो सुमारे १०५.७ किलोमीटर भरतो. ०.१३३ अंशाचे झाले १४.१ किलोमीटर पश्चिमेला. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १७.२ किलोमीटर, आणि बेअरिंग २३५ अंशांच्या जवळ. राजगडाचं (१८.२४६, ७३.६८२) याच रीतीने बेअरिंग २१०.५ आणि अंतर १५.४ किलोमीटर येतं. दोघांत २४ अंशांचं अंतर असल्याने कंपास लावल्यावर गफलत होत नाही. रेखांशालाही १११ ने गुणण्याची चूक सर्रास होते. इथे तिच्यामुळे अंतर अर्ध्या किलोमीटरहून जास्त वाढतं आणि बेअरिंगही एका अंशाहून अधिक सरकतं.

वाचन घेताना डोळ्याकडच्या फटीतून पलीकडच्या पातीवरचा केस डोंगराच्या माथ्यावर आणायचा आणि त्याच वेळी प्रिझममधून आकडा वाचायचा. वाचन प्रिझमच्या बाजूने होतं म्हणून तबकडीवर शून्य दक्षिण टोकाला आणि आकडे उलटे छापलेले असतात. तो कारखान्याचा दोष नाही. हातात धरल्यावर एक अंशाचा हेलकावा येतोच, तिवईवर ठेवलं तर अर्धा अंश मिळतो. १७ किलोमीटरवर एक अंश म्हणजे ३०० मीटर. डोंगर ओळखायला तेवढं पुरतं, माचीवरचा बुरूज ओळखायला नाही.

दुसरा मार्ग, म्हणजे डोंगराचे अक्षांश-रेखांश माहीत नसताना दोन ठिकाणांहून बेअरिंग घेणं, हा खरा कस पाहतो. पुरंदर सिंहगडापासून २४.९ किलोमीटरवर, ११२ अंशांत. पुरंदरावरून तोरणा २६९ अंशांवर दिसतो. त्रिकोणात पुरंदरचा कोन २३ अंश, तोरण्याचा ३४.५. म्हणून सिंहगड-तोरणा अंतर = २४.९ × sin २३ ÷ sin ३४.५, म्हणजे १७.२ किलोमीटर. पण पुरंदरावरचं वाचन एका अंशाने चुकलं तर उत्तर सुमारे १.१ किलोमीटरने हलतं. दोन्ही वाचनं सिंहगडावरच एक किलोमीटर अंतराने घेतली, तर तोरण्यापाशी जेमतेम तीन अंशांचा कोन उरतो आणि एका अंशाची चूक पाच-सहा किलोमीटर खाऊन टाकते. त्यामुळे वाचनाच्या दोन जागांना जोडणारी पायारेषा लांब ठेवा, आणि डोंगरापाशी होणारा समोरचा कोन ३० अंशांखाली जाऊ देऊ नका.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक पुण्याच्या परिसरात एक अंशाहूनही कमी आहे, म्हणून तो सोडून दिला तरी चालतं. अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये हाच कंपास नेणाऱ्यांनी तसं करू नये. तिथे अनेक भागांत तो १० अंशांहून जास्त असतो.

सह्याद्रीत खरा त्रास बेसाल्टचा. या खडकात लोहखनिज असतं आणि वीज पडलेल्या माथ्यावर तो स्थानिक चुंबक होऊन बसतो. सुई काही अंश ओढली जाते. ओळखायची खूण अशी: त्याच लक्ष्याकडे रोखून २० मीटर बाजूला सरका. इतक्या दूरच्या डोंगराचं वाचन तेवढ्याने बदलायला नको. बदललं तर जागा सोडा, कातळावर तिवई टेकवू नका. सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरपासूनही लांब राहा. दुसरी तपासणी उलट बेअरिंगची: तोरण्यावरून त्याच टॉवरचं वाचन ५५ च्या आसपास यायला हवं, कारण दोन्हींत १८० चा फरक असतो. नाही आलं तर दोहोंपैकी एक जागा बाधित आहे.

टिकाऊपणाबद्दल: पाती मिटली की खालची खीळ दाबली जाऊन सुई टोकावरून उचलली जाते. पाती उघडी ठेवून पिशवीत टाकला की टोक बोथट होतं. चाचणी म्हणून चावी जवळ नेऊन सुई हलवा आणि चावी दूर करा. ती दरवेळी त्याच आकड्यावर थांबत नसेल तर टोक घासलं आहे. आठ महिन्यांत पातीची बिजागरी सैल झाली आणि केस तिरका दिसू लागला. स्क्रू आवळल्यावर ठीक झालं. दमट हवेत प्रिझमवर बुरशी धरते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. चुंबकाचं झाकण असलेला मोबाइल खिशात असताना घेतलेलं वाचन वहीत उतरवूच नये.