तिकीट कंपनीचं, हप्ते माझे

आखातात नोकरीला निघालेल्या किंवा पहिल्या रजेची वाट बघणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय. मी गुहागर तालुक्यातला, शृंगारतळीजवळचा. मार्च 2023 पासून शारजात एका कंपनीत एसी टेक्निशियन आहे.

मुंबईत एजंटने हातात दिलेल्या ऑफर लेटरवर स्वच्छ लिहिलं होतं: वर्षाला 30 दिवस भरपगारी रजा आणि येण्याजाण्याचं विमानतिकीट कंपनीचं. त्या एका ओळीवर आईने वाडीभर सांगून ठेवलं की पोरगा दरवर्षी गणपतीला येणार, तेही फुकटात.

2024 ला गणपती 7 सप्टेंबरला होते. मी जूनमध्येच अर्ज दिला. जुलै गेला, तरी उत्तर नाही. ऑगस्टच्या मध्यावर एचआरवाल्याने बोलावलं. रजा मंजूर, तिकीट 1380 दिरहमचं, इथे सही कर. फॉर्म इंग्रजी आणि अरबी. वरच्या बाजूला बारीक अक्षरांत 'सॅलरी ॲडव्हान्स' असं छापलेलं. मी विचारलंही, हे काय? तो म्हणाला, "अरे, तू परत आला नाहीस तर कंपनीचे पैसे बुडू नयेत म्हणून. फॉर्मॅलिटी आहे." डोक्यात मखर आणि आरास. केली सही.

गणपती झाले, गौरी झाल्या, ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत कामावर आलो. ऑक्टोबरच्या पगारात 345 दिरहम कमी. मला वाटलं, रजेच्या हिशोबात काहीतरी चुकलं असेल. नोव्हेंबरात पुन्हा 345 कमी. खोलीतला म्हसळ्याचा मित्र इथे चौदा वर्षं काढलेला. त्याने पगाराची स्लिप मागितली, वजावटीच्या रकान्यावर नख टेकवलं आणि म्हणाला, "345 ला चारने गुण." 1380. माझंच तिकीट मला चार हप्त्यांत विकलं होतं.

यात मेख अशी आहे. इथल्या कायद्यात (2021 चा 33 क्रमांकाचा कामगार कायदा) वर्ष भरलं की 30 दिवसांची रजा हा हक्क आहे, पण दरवर्षीच्या तिकिटाचा उल्लेख नाही. नोकरी संपल्यावर मायदेशी पाठवायचं तिकीट कायद्यात आहे, त्यालाही अटी आहेत. त्यामुळे एचआरवाला जेव्हा म्हणतो की "कायद्यात फक्त शेवटचं तिकीट आहे", तेव्हा तो खोटं बोलत नसतो. अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं म्हणजे करार: करारात कबूल केलेलं तिकीट द्यावंच लागतं. पगारातून मनाला येईल तसं कापता येत नाही, पण उचल दिली असेल आणि कामगाराची लेखी संमती असेल तर ती हप्त्याने वसूल करता येते. म्हणून तो फॉर्म. तिकिटाला उचल म्हटलं आणि त्याखाली माझी सही घेतली, की काम झालं.

डिसेंबरात कामगार मंत्रालयाकडे तक्रार टाकली. तिथल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न केला, तिकीट कुठल्या कागदावर आहे? तेव्हा कळलं की माझे कागद दोन. एजंटने दिलेलं ऑफर लेटर एक, आणि मंत्रालयात नोंदवलेला करार दुसरा. नोंदवलेल्या करारात तिकिटाबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि त्यावरही माझीच सही. खरं तर हा करार मंत्रालयाच्या, म्हणजे MOHRE च्या, ॲपवर आपला आपल्याला बघता येतो आणि अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतो. मी दीड वर्षात एकदाही उघडला नव्हता. निघण्याआधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले असते, तर तिकिटाची ओळ जोडपत्र म्हणून करारात घालून घेता आली असती. तेव्हा व्हिसा आणि विमान एवढंच दिसत होतं.

सुदैवाने ऑफर लेटर कंपनीच्या लेटरहेडवर होतं, शिक्का आणि सहीसकट. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचा नुसता मजकूर असता, तर मी काय दाखवणार होतो? त्या कागदावर कंपनी नरमली. उरलेले दोन हप्ते थांबवले आणि दरवर्षीचं तिकीट शिक्क्यासह लिहून दिलं. कापलेले 690 दिरहम मात्र माझ्या सहीकडे बोट दाखवून ठेवून घेतले. अधिकारी म्हणाला, त्यासाठी पुढे जाता येईल. मी गेलो नाही. रोज ज्यांच्या गाडीतून साइटवर जायचं, त्यांच्याशी किती ताणायचं?

2025 च्या गणपतीचा अर्ज मी ईमेलवर केला. शारजा-मुंबई-शारजा तिकीट ऑफर लेटरप्रमाणे कंपनीच्या खर्चाने, वजावट न करता, असं अर्जातच लिहिलं. एचआरवाल्याने बोलावून पुन्हा तोच फॉर्म पुढे सरकवला. मी वरच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा नको, दुसरा द्या.

दुसरा त्याच खणात होता, त्याच गठ्ठ्याच्या खाली.