मोबाइलवरून छोटी खरेदी: पोस्टपेड बिल की प्रीपेड शिल्लक?

मावशी विचारत होती, अ‍ॅपमधल्या खरेदीचे पैसे मोबाइल कंपनीच्या बिलातून किंवा शिलकीतून द्यायचे तर ती कोणत्या नंबरवर टाकू? तिच्याकडे दोन्ही आहेत.

दोन्हीकडे ओळख पटते ती नंबरावरून. मोबाइल डेटा चालू असेल तर कंपनीला नंबर आपोआप कळतो. वायफायवर बहुधा ओटीपी येतो. फरक पडतो पैसे कापताना. प्रीपेडमध्ये शिल्लक त्याच क्षणी तपासली जाते. खरेदी १०० ची आणि मुख्य शिल्लक ८० असेल तर व्यवहार होतच नाही. डेटा पॅक इथे उपयोगी नाही, मुख्य शिल्लकच लागते. पोस्टपेडमध्ये कंपनीने घातलेल्या मर्यादेत रक्कम पुढच्या बिलात चढते.

चूक लक्षात येण्यात मात्र दोन्हीकडे धोका आहे. पोस्टपेडवर नकळत सुरू झालेली वर्गणी बिल नीट वाचेपर्यंत लपून राहते. प्रीपेडवर शिल्लक संपली की तीच वर्गणी अडते, पण रिचार्ज करताच पुन्हा कापली जाऊ शकते. रिचार्जनंतर शिल्लक लगेच कमी दिसली, तर आधी चालू सेवांची यादी पाहा.

मुलांच्या हाती फोन असेल तर मी प्रीपेडच सांगेन, तेही मोजकी शिल्लक ठेवून. स्वतःची नेहमीची खरेदी असेल आणि दरमहा बिल ओळ न ओळ वाचत असाल, तर पोस्टपेड सोयीचं.